एकच अंबर, तिघांचे तीन अर्थ

मी पीएमओमध्ये, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिसमध्ये आहे. वेगवेगळ्या प्रोजेक्ट मॅनेजरकडून स्टेटस गोळा करून महिन्याच्या स्टिअरिंग कमिटीसाठी, म्हणजे प्रोजेक्टचे निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांच्या बैठकीसाठी एक पानाचा रिपोर्ट बनवायचा हे माझं मुख्य काम. त्यात प्रोजेक्ट कसा चाललाय ते सांगणारे तीन रंग असतात, ग्रीन, अंबर म्हणजे सिग्नलचा पिवळा, आणि रेड, आणि सगळ्यांना वाटतं यात समजावण्यासारखं काय आहे, सिग्नल तर लहानपणापासून बघतोय. ऑगस्टअखेरच्या मीटिंगमध्ये जे झालं त्यानंतर निदान आमच्याकडे तरी असं कोणी म्हणत नाही.

प्रोजेक्ट होता दोन वेअरहाउस जुन्या सिस्टिमवरून नव्यावर नेण्याचा. गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टिम प्रत्यक्ष चालू करणं, ऑक्टोबरच्या पहिल्या वीकेंडला, कारण 30 सप्टेंबरला सहामाही स्टॉक मोजणी होते आणि ताजा मोजलेला साठाच नव्या सिस्टिममध्ये चढवायचा होता. बारकोड स्कॅनरचा इंटरफेस देणारा व्हेंडर तीन आठवडे लेट झाला. प्लॅनमध्ये दोन आठवड्यांचा बफर होता, तो धरून उरला एक आठवड्याचा उशीर. प्रोजेक्ट मॅनेजरने, म्हणजे पीएमने, अंबर लावला, खाली एक ओळ लिहिली की व्हेंडरशी फॉलोअप चालू आहे, आणि सलग दोन रिपोर्ट तोच अंबर तसाच राहिला.

मीटिंगमध्ये तो स्लाइड आला तेव्हा कोणी काही बोललंच नाही, पुढे जाणारच होतो. तेवढ्यात ऑपरेशन्सचे सर सहज म्हणाले, "ते ट्रेनिंग आम्ही कॅन्सल केलंय हां, गो-लाइव्ह पुढे जातंय ना तसंही." पीएमचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारण स्टोअरच्या लोकांचं ट्रेनिंग सप्टेंबरमध्ये झालं नाही तर ऑक्टोबर विसराच. मग फायनान्सच्या मॅडमनी विचारलं, "पुढे जातंय? मला वाटलं पीएम बघतायत, वेळेत होईल, म्हणून मी जुन्या सिस्टिमचं लायसन्स रिन्यू केलं नाही, ते 31 ऑक्टोबरला संपतंय." म्हणजे बघा, एकाच पानावरचा एकच रंग बघून एकाने ऑक्टोबरचा रस्ता बंद केला आणि दुसरीने नोव्हेंबरचा. आणि दोघांचंही वागणं आपापल्या जागी बरोबर होतं, हे मला त्या क्षणी सगळ्यात जास्त टोचलं.

आयटी हेड सर म्हणाले की अंबर म्हणजे "लक्ष ठेवा", एवढं तर सगळ्यांना कळायला हवं. पण कोणी ठेवायचं लक्ष? यावर वाद पेटला. मी मधेच म्हटलं, सर दहा मिनिटं द्या. चार चिठ्ठ्यांवर चार परिस्थिती लिहिल्या, आणि प्रत्येकाने एकमेकांकडे न बघता रंग लिहायचा असं सांगितलं. त्यातली एक अशी होती: काम तीन आठवडे मागे आहे, पण पीएमकडे भरून काढायचा प्लॅन आहे आणि तो त्याच्या हातातला आहे. मॅडमनी ग्रीन लिहिलं, ऑपरेशन्सच्या सरांनी रेड, आयटी हेडनी अंबर. चिठ्ठ्या टेबलावर उघडल्या तेव्हा हसू पण आलं सगळ्यांना, आणि त्यानंतर कोणी "हे तर सगळ्यांना माहीत असतं" असं म्हणालं नाही.

फरक कुठे होता ते बोलता बोलता बाहेर आलं. सर आज किती मागे आहोत ते बघत होते, मॅडम शेवटी कुठे पोचणार ते बघत होत्या, आणि आयटी हेड पीएमवर किती भरवसा आहे ते. म्हणून पहिली गोष्ट ठरली की रंग आजच्या उशिराला नाही, शेवटच्या तारखेच्या आणि शेवटच्या खर्चाच्या अंदाजाला लागणार. आणि दुसरी, माझ्या मते सगळ्यात कामाची, की रंगाने स्पॉन्सरला, म्हणजे प्रोजेक्टचे पैसे आणि मोठे निर्णय ज्यांच्या हातात आहेत त्यांना, हे सांगितलं पाहिजे की पुढची हालचाल कोणाची. ग्रीन म्हणजे अंदाज ठरलेल्या मर्यादेत आहे, तुम्ही काही करू नका. अंबर म्हणजे अंदाज मर्यादेबाहेर चाललाय पण पीएम स्वतःच्या अधिकारात तो परत आणू शकतो, आणि कधीपर्यंत ते तारखेसकट लिहिलंय. तुम्ही स्वतःहून प्लॅन बदलू नका. रेड म्हणजे तुमच्या निर्णयाशिवाय तो परत येत नाही.

मग मर्यादा किती यावर अडलो. मी आधी बऱ्याच ठिकाणी असतं तसं सगळ्या टप्प्यांना एकच माप सुचवलं, पाच कामाच्या दिवसांपर्यंत ग्रीन, पंधरापर्यंत अंबर, वर रेड. ऑपरेशन्सच्या सरांनी ते तिथेच पाडलं, आणि बरोबर पाडलं. ते म्हणाले 10 ऑक्टोबरपासून दिवाळी संपेपर्यंत डिस्पॅच इतकं असतं की मी गोडाऊनमधली एक खुर्चीसुद्धा हलवू देणार नाही, मग एक आठवडा उशीर म्हणजे एक आठवडा नाहीच, तो थेट दिवाळीनंतर. हे पीएमला माहीत होतं, पण रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नव्हतं. तेव्हा गो-लाइव्हसारख्या मोजक्या तारखांना वेगळी मर्यादा ठरली, शून्य. बाकीच्या टप्प्यांना ते पाच-पंधरा चालेल, पण तिथेही पंधराच्या आत असलं तरी स्पॉन्सरचा निर्णय लागत असेल तर रेडच. खर्चात मॅडमनी एक हट्ट धरला की आतापर्यंत किती खर्च झाला ते मला नको, पूर्ण होईपर्यंत किती होणार ते हवं, कारण लेट चाललेल्या प्रोजेक्टचा खर्च सुरुवातीला कमीच दिसतो, बिलंच आलेली नसतात.

अंबरला मुदत पण घातली. सलग दोन रिपोर्ट अंबर आणि पीएमची तारीख उलटून गेली तर तिसऱ्यांदा तो आपोआप रेड. नाहीतर अंबर ही बसून राहायची फार आरामाची जागा आहे, ग्रीन म्हटलं तर खोटं पडतं आणि रेड म्हटलं तर बोलावणं येतं. वरून हिरवं, कापलं की लाल अशा कलिंगड रिपोर्टना सगळे हसतात, पण माझ्या अनुभवात कायमचा अंबर जास्त सापडतो.

या व्याख्येने आमचा तोच प्रोजेक्ट तिथल्या तिथे रेड झाला. आयटी हेड अस्वस्थ, म्हणाले रेड दिसला की एमडी साहेब विचारणार कोणाचं चुकलं. म्हणून असं ठरलं की रेडच्या शेजारी तीन गोष्टी असल्याशिवाय मी रिपोर्ट घेणारच नाही: कोणता निर्णय हवाय, कोणाकडून, कोणत्या तारखेपर्यंत. साहेबांची नजर आधी तिथे जावी म्हणून. आणि पीएमने लावलेला रंग मधल्या कोणी बदलायचा नाही, मत वेगळं असेल तर खाली स्वतःच्या नावाने लिहायचं. रंगाच्या चौकटीत मी अक्षरंही टाकली, कारण काही जण प्रिंट ब्लॅक अँड व्हाइट काढतात, आणि लाल-हिरवा वेगळा न दिसणारी माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात.

त्याच बैठकीत निर्णय पण झाले. टेस्टिंग दोन शिफ्टमध्ये करायचे पैसे मॅडमनी मंजूर केले, जुनं लायसन्स तीन महिन्यांसाठी वाढवलं, सरांनी निदान पहिल्या वेअरहाउसचं ट्रेनिंग परत लावलं. पहिलं वेअरहाउस ऑक्टोबरच्या पहिल्या वीकेंडला गेलं, दुसरं दिवाळीनंतर न्यायचं ठरलं.

पुढच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्या वेअरहाउसची ओळ मी नव्या तारखेवर ग्रीन दाखवली, बदल मंजूर होता त्यामुळे नियमात बसत होतं. मॅडमनी मीटिंगच्या आधीच फोन केला, "हा हिरवा कुठल्या तारखेच्या हिशोबाने?" तेव्हापासून मूळ तारखेचा वेगळा कॉलम आहे आणि तो प्रोजेक्ट बंद होईपर्यंत काढायचा नाही. पीएम लोकांना तो अजिबात आवडत नाही.