रविवारच्या धड्याची चार पानं

बुधवार, रात्र

रथोत्सवाआधीची वहनं सुरू झाली. जुन्या जळगावातून रोज संध्याकाळी देवाची मिरवणूक, म्हणजे वहन, निघतं, आणि माझ्या रविवारच्या वर्गातल्या पोरांचं लक्ष हरिपाठावरून उडून रथाकडे जातं. या रविवारी हरिपाठ बाजूला ठेवून रथाचाच धडा घेणार आहे. सहावी ते आठवीची अठरा पोरं, वेळ पाऊण तास. विषय एवढाच, की कार्तिकी एकादशीला रामाचा रथ भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी का थांबतो.

दरवर्षी थांबतो. आपल्याकडून दर्ग्यावर फुलांची चादर जाते, तिकडून रथाचं स्वागत होतं. मी लहान होते तेव्हापासून पाहते आहे, पण कोणी कधी समजावून सांगितलं नाही. बघता बघता कळावं अशी ती गोष्ट होती. आजच्या पोरांना ते बघूनही कळत नाही, कारण त्याच दिवशी मोबाईलवर त्यांनी निराळंच काही पाहिलेलं असतं.

पहिला मसुदा लिहिला. रथोत्सव अप्पा महाराजांनी 1872 मध्ये सुरू केला. महाराज आणि लालशाह बाबा यांची मैत्री होती, असं गावात सांगतात. या दोन वाक्यांत मी एक गोष्ट मुद्दाम वेगळी ठेवली आहे. सालाला ‘सुरू केला’ आणि मैत्रीला ‘असं सांगतात’. पोरांना दोन्ही एकाच सुरात सांगितलं, तर पुढे कोणी मैत्रीवर शंका घेतली की साल पण खोटं वाटायला लागतं. आणि ‘सांगतात’ म्हटल्याने मैत्री लहान होत नाही. दीडशे वर्षं लोक तीच गोष्ट सांगत राहिले, हे रथाच्या थांब्यावरून दिसतंच.

शेवटी लिहिलं: ‘आपला धर्म सहिष्णू आहे, म्हणून आपण मुसलमानांच्या दर्ग्यावर चादर चढवतो. मुसलमान तिथे बाबांची पूजा करतात.’ वाचून छान वाटलं. झोपायला गेले.

गुरुवार

छान वाटलं तिथेच चूक असणार, हा माझा जुना अनुभव. सकाळी शेजारच्या शिलाईवाल्या चाचांकडे ब्लाऊज न्यायला गेले आणि कागदही नेला. चाचांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून, पण असं काही त्यांना वाचून दाखवायची वेळ आजवर आली नव्हती. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा वर केला.

“ताई, पूजा नका लिहू. आम्ही तिथे फातिहा पढतो. दुआ अल्लाहकडे मागतो. बाबांच्या मजारवर जातो ते त्यांच्याबद्दल अदब म्हणून.”

मी ‘पूजा’ खोडलं. पीर म्हणजे त्यांचा संत, चादर म्हणजे त्यांचा हार, असं आपल्या शब्दात बसवून टाकलं की पोरांना पटकन कळतं खरं, पण कळतं ते आपलंच. त्यांचं काय, ते बाहेरच राहतं. शब्द जसाच्या तसा द्यायचा, फातिहा म्हणजे फातिहा, आणि मग दोन ओळीत सांगायचं: कुराणातला पहिला अध्याय म्हणजे सूरह फातिहा, तो म्हणून गेलेल्या माणसासाठी दुआ करतात.

मग चाचा हसले. “आणि हे सहिष्णू म्हणजे? सहन करणारा ना? रथ गल्लीत आला की आमची पोरं पाणी वाटतात. त्यात सहन काय करायचं असतं?”

मराठीच्या बाईंना मराठी शब्द शिलाईवाल्याने फोडून दाखवला. तोंड पाहण्यासारखं झालं असेल माझं. त्या वाक्यात आपण मालक आणि ते पाहुणे होते. ते पूर्ण काढलं. त्या जागी आता फक्त काय घडतं ते आहे: कुठे थांबतो, कोण पुढे येतं, काय देतं, काय घेतं.

चाचींनी आतून विचारलं, काय एवढं लिहून आणलंय? चाचा म्हणाले, “आपलाच अभ्यास चाललाय.”

शुक्रवार

नुसता रथ सांगून भागणार नाही, आपल्या परंपरेने शेजाऱ्याबद्दल काय म्हटलंय तेही द्यायला हवं. पहिल्यांदा हात गेला नाथांकडे, त्यांच्या हिंदू-तुर्क संवादाकडे. दोघं एकमेकांना चांगलंच सोलून काढतात. तो म्हणतो तुमचे देव असले कसे, हा म्हणतो देव सगळीकडे असताना तुम्ही एकाच दिशेला तोंड का करता. वाद टोकाला जातो आणि शेवटी दोघं एकमेकांना नमस्कार करून गळ्यात पडतात.

सगळं कापून हिंदूची तीन उत्तरं काढून ठेवली होती. चमकदार आहेत. अर्ध्या तासाने वहीकडे पाहिलं आणि कळलं की मी नाथांकडून एका बाजूचा वकील करून घेतला. दोन्ही तोंडं घेतली तरच तो संवाद आहे. पण दोन्ही घ्यायची आणि गळाभेटीपर्यंत पोचायचं, तर पाऊण तास पुरत नाही. अर्ध्यात वेळ संपली तर पोरं टोमणे पाठ करून घरी जातील, गळाभेट वर्गातच राहील. म्हणून या रविवारी नाथ नाहीत. मोठ्या मुलांसाठी, दोन तासांत, पुढे कधी.

त्याऐवजी श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद. एकच ओळ: ‘शेख महंमद अविंध, त्याचे हृदयीं गोविंद.’ अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. जुन्या मराठीत मुसलमानाला हाच शब्द. इथे एक खड्डा आहे, दरवर्षी कोणीतरी पडतं: “म्हणजे ते हिंदू झाले ना?” ओळ पुन्हा वाचायला लावायची. पहिल्या अर्ध्यात ते स्वतःला अविंधच म्हणतात. गोविंद आला म्हणून ते नाव गेलं नाही, दोन्ही एकाच ओळीत नांदतात. आपल्या सोयीचा अर्धा भाग घेऊन उरलेला खोडायचा नाही.

संध्याकाळी एका मुलीच्या आईचा फोन. “बाई, देवळातल्या वर्गात दर्गा कशाला?” मी म्हटलं, रथ तिथे थांबतो म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत. मुलगी येईल की नाही माहीत नाही. त्यांचा राग काही मला खोटा वाटला नाही, पण धडा बदलला नाही.

शनिवार

भरिताची वांगी आली. काट्यांवर भाजून भरीत केलं, कळण्याची भाकरी केली, डबा चाचींकडे पाठवला, आणि डब्याखाली धड्याचा स्वच्छ लिहिलेला कागद. पुन्हा एकदा बघा म्हणून. मनाशी एक कसोटी ठरवली होती: उद्या चाचा मागच्या बाकावर येऊन बसले, तर एखादं वाक्य वाचताना माझा आवाज खाली जाईल का? मला तरी तसं वाक्य सापडलं नाही.

तासाभराने डबा धुऊन परत आला. आत चाचींचा शिरा, वर कागद, त्याला तेलाचा डाग. शिलाईच्या खडूने, निळ्या, एकच दुरुस्ती. ‘मुसलमान तिथे फातिहा पढतात’ यातल्या ‘मुसलमान’च्या आधी लिहिलं होतं: ‘काही’.

भिंतीपलीकडून विचारलं, हे कशाला?

“माझा मोठा जात नाही ना दर्ग्यात. त्याला ते पटत नाही. आमच्यात पण दोन मतं आहेत. पोरांना सगळे म्हणून सांगाल, तर उद्या माझ्याच पोराला विचारतील, तू कसला मुसलमान.”

‘काही’ शाईने पक्कं केलं. मग त्याच्या वरच्याच ओळीवर नजर गेली, ‘आपण दर्ग्यावर चादर देतो.’ कालचा फोन आठवला. ‘आपण’ खोडलं, ‘रथासोबतची मंडळी’ लिहिलं, आणि कागद पुन्हा पहिल्यापासून उतरवायला बसले.