म्हणे, ‘उल्लंघन आढळले नाही’!

विश्रामबागेतल्या हळदीकुंकवातला माझा फोटो कुणीतरी उचलला, हातातलं वाण काढून दारूचा ग्लास दिला, शेजारी एक अनोळखी पुरुष बसवला आणि भलत्याच नावाच्या खात्यावर टाकला. नणंदेने लिंक पाठवली, तोवर अर्ध्या सांगलीने तो बघितला होता.

अ‍ॅपमधून रिपोर्ट केला. झटपट उत्तर आलं, ‘आमच्या नियमांचे उल्लंघन आढळले नाही.’ फेरतपासणी मागितली, तर पुन्हा तेच वाक्य. संताप झाला नुसता! कारणांच्या यादीत नग्नता, छळ, तोतया खातं. मी तर अंगभर साडीत, कुठे शिवी नाही, खात्याला माझं नावही नाही. तपासणाऱ्याला दिसणार काय, तर हॉटेलात बसलेली एक बाई. खोटेपणा कळायला मूळ फोटो शेजारी ठेवावा लागतो, आणि त्या खिडकीत फोटो जोडायची सोयच नव्हती.

वकिलीण असलेल्या मावसबहिणीने वाट दाखवली. २०२१ च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. त्यातल्या नियम ३(२)(बी) मध्ये फेरफार केलेल्या, म्हणजे मॉर्फ केलेल्या फोटोंचा स्पष्ट उल्लेख आहे. असा फोटो हटवायची मुदत मूळ नियमात २४ तासांची होती. त्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या मेलच्या विषयातच तो नियम लिहिला आणि पहिलं वाक्य असं: ‘छायाचित्रातील व्यक्ती मी स्वतः आहे, हे माझ्या मूळ छायाचित्रात फेरफार करून बनवले आहे, यास माझी संमती नाही.’

मग पुरावे. पोस्टची स्वतःची लिंक (नुसती खात्याची नाही), तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, आणि मूळ फोटो. तो फोटोग्राफरकडून पेनड्राइव्हवर आणला, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या प्रतीतून काढल्याची वेळ, कॅमेरा ही माहिती पुसली जाते. दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावून खुणा केल्या: चेहरा आणि पदराची घडी तंतोतंत तीच, ग्लास धरलेल्या हातात मात्र बांगड्याच नाहीत. ओळखीसाठी जोडलेल्या आधारचे शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकले. शेवटी मागणी: पोस्ट काढा, खात्याच्या नोंदी पोलिसांसाठी जपून ठेवा.

हो, एक राहिलं. लिंका गोळा होईपर्यंत त्या खात्याला ब्लॉक करू नका, नाहीतर पोस्ट तुम्हालाच दिसेनाशी होते.

तक्रार क्रमांक आला आणि फोटो गेला. हायसं वाटलं, पण दुसऱ्यांनी डाउनलोड करून टाकलेल्या प्रती तशाच. प्रत्येकीची लिंक वेगळी. त्या शोधून त्याच क्रमांकाच्या मेलला उत्तर म्हणून पाठवल्या. cybercrime.gov.in वरही तक्रार नोंदवली, कारण फोटो काढणं प्लॅटफॉर्मच्या हातात असलं तरी करणारा शोधणं पोलिसांचं काम. तक्रार निवारण अधिकाऱ्याने नकार दिला असता तर ३० दिवसांत सरकारच्या अपील समितीकडे gac.gov.in वर अपील करता आलं असतं. तो मसुदा मी रागारागात आधीच लिहून ठेवला होता.