वीस टक्के तेच, पण येणी जवळजवळ दुप्पट : पाच वर्षांचे ताळेबंद टक्क्यांत वाचताना

आमच्याकडून उधारीवर माल घेणाऱ्या एका कंपनीने उधारीची मर्यादा दुप्पट करून मागितली. सोबत पाच वर्षांचे वार्षिक अहवाल पाठवले आणि वर एक पानाचं टिपण : विक्री दर वर्षी वाढती, नफा वाढता, नफ्याचं प्रमाणही वाढतं. मर्यादा द्यायची की नाही यावर शिफारस लिहायचं काम माझ्याकडे आलं. कंपनीचं नाव इथे देत नाही. आकडे गोल केले आहेत आणि वाचायला सोपं जावं म्हणून एककंही काढून टाकली आहेत. तशीही या पद्धतीत एककांची गरज उरत नाही, कारण पहिल्याच पायरीला सगळ्याचे टक्के होतात.

पाच अहवालांतले आकडे एका शीटमध्ये उतरवून घेणं हा त्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग, पण नेमका तिथेच घोटाळा होऊ शकतो. प्रत्येक अहवालात चालू वर्ष आणि त्याच्या शेजारी मागचं वर्ष छापलेलं असतं. हे मागच्या वर्षाचे आकडे मूळ अहवालातल्या आकड्यांशी जुळतीलच असं नाही. मधल्या काळात कंपनीने एखादा खर्च एका सदरातून काढून दुसऱ्या सदरात टाकलेला असतो. इथे तिसऱ्या वर्षी मालवाहतुकीचा खर्च विक्रीखर्चातून काढून मालाच्या उत्पादनखर्चात घेतला होता. जुने आकडे तसेच ठेवले असते तर ढोबळ नफा त्या वर्षी खाली आल्यासारखा दिसला असता, प्रत्यक्षात फक्त ओळ बदलली होती. म्हणून मी शक्य तिथे प्रत्येक वर्षाचा आकडा त्याच्या पुढच्या वर्षीच्या अहवालातून घेतला. पहिल्या वर्षाचं सदर मात्र टिपा वाचून हातानेच जुळवावं लागलं.

मग त्याच आकड्यांवर दोन शीट केले. पहिला कॉमन-साइज : नफा-तोटा पत्रकातली प्रत्येक ओळ त्याच वर्षाच्या विक्रीच्या किती टक्के, आणि ताळेबंदातली प्रत्येक ओळ त्याच वर्षाच्या एकूण मालमत्तेच्या किती टक्के. दुसरा ट्रेंडचा : प्रत्येक ओळीचं पहिलं वर्ष १०० धरायचं आणि पुढची वर्षं त्याच्या पटीत मांडायची. सूत्रं दिसायला जवळजवळ सारखीच, फरक `$` कुठे बसतो एवढाच :

```
=C12/C$5
=C12/$B12*100
```

पहिल्यात पाचवी ओळ बांधली आहे. त्या ओळीत विक्री असते, म्हणजे सूत्र कुठेही ओढलं तरी भागाकार त्याच वर्षाच्या विक्रीने होतो. दुसऱ्यात `B` हा स्तंभ बांधला आहे, म्हणजे भागाकार त्याच ओळीच्या पहिल्या वर्षाने. पहिलं सूत्र एका वर्षाची अंतर्गत रचना सांगतं, दुसरं एका ओळीचा वर्षानुवर्षांचा वेग सांगतं. या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांपासून किती लांब जाऊ शकतात, हे मला या फाइलमध्ये दिसलं.

नफा-तोटा पत्रक आधी वाचलं. पहिल्या वर्षी विक्री ८००, पाचव्या वर्षी १२८०. ढोबळ नफा विक्रीच्या ३५ टक्क्यांवरून ३७.५ वर गेलेला. पगार, प्रशासन आणि विक्रीचा खर्च पाचही वर्षं २२ टक्क्यांना चिकटून. त्यामुळे व्याजापूर्वीचा नफा १३ टक्क्यांवरून १५.५ वर. टिपणात लिहिलेलं सगळं खरं होतं. डोळ्यांत भरावी अशी एकच ओळ होती : व्याज २ टक्क्यांवरून ४ वर गेलं होतं. नफ्याचं प्रमाण सुधारणारी कंपनी कर्ज एवढं का वाढवते, याचं उत्तर नफा-तोटा पत्रकात मिळत नाही. त्यासाठी ताळेबंदाकडे वळावं लागतं.

ताळेबंदाच्या कॉमन-साइजमध्ये साठा १५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेला होता. हे कोणालाही दिसेल. अल्पमुदतीचं कर्ज १० टक्क्यांवरून २२ वर, म्हणजे व्याजाचा उलगडाही झाला. येणी मात्र पाचही वर्षं २० टक्क्यांच्या आसपास. उधारीच्या प्रश्नात आम्हाला जिव्हाळा अर्थातच येण्यांचा. तिच्या ग्राहकांकडून पैसे वेळेवर आले तरच तिच्याकडून आमचे येणार. २० टक्के स्थिर पाहून तो मुद्दा निकालात काढावासा वाटतो. पण शेजारचा ट्रेंडचा शीट वेगळंच सांगत होता :

| ओळ | पहिलं वर्ष | तिसरं वर्ष | पाचवं वर्ष |
|---|---|---|---|
| विक्री | १०० | १२३ | १६० |
| येणी | १०० | १३० | १९४ |
| साठा | १०० | १४६ | ३१० |
| एकूण मालमत्ता | १०० | १३० | १९४ |

येणी १२८ वरून २४८ वर गेली होती. तरीही टक्केवारी हलली नाही, कारण जिने भागायचं ती एकूण मालमत्ताही तितकीच फुगली होती, ६४० वरून १२४० वर. आणि ती फुगवण्यात साठ्याचा मोठा वाटा होता. वाढलेल्या साठ्याने भाजक वाढवला आणि वाढलेली येणी त्याच्या सावलीत झाकली गेली. येण्यांची तुलना खरं तर विक्रीशी करायला हवी, कारण येणी विक्रीतूनच जन्माला येतात. विक्री १६० आणि येणी १९४. दिवसांत मांडलं तर पैसे वसूल व्हायला पहिल्या वर्षी सुमारे ५८ दिवस लागत होते, पाचव्या वर्षी ७१. कॉमन-साइज ताळेबंदातल्या ‘स्थिर’ ओळीवर मी तेव्हापासून ट्रेंडचा आकडा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

आता साठा. उत्पादनखर्चाच्या हिशोबाने पहिल्या वर्षी सुमारे ६७ दिवसांचा माल पडून होता, पाचव्या वर्षी १३६ दिवसांचा. आणि त्याच पाच वर्षांत ढोबळ नफ्याचं प्रमाण वाढलेलं. ज्या कंपनीचा माल गोदामात साचतोय, तिचा प्रत्येक नगावरचा नफा वाढावा हे जरा विचित्र आहे. माल हलत नसेल तर सहसा सवलत द्यावी लागते. म्हणून या दोन ओळी स्वतंत्रपणे न वाचता एकत्र वाचायचं ठरवलं.

यामागचं गणित सोपं आहे. विकलेल्या मालाचा खर्च म्हणजे सुरुवातीचा साठा अधिक वर्षभराचा उत्पादनखर्च वजा अखेरचा साठा. अखेरचा साठा जितका जास्त किमतीने दाखवाल, तितका खर्च कमी आणि तितकाच ढोबळ नफा जास्त. मग मी उलटा हिशोब केला. पाचव्या वर्षाचा ढोबळ नफा ३५ टक्क्यांवरच राहिला असता तर तो ४४८ झाला असता. दाखवला होता ४८०. फरक ३२. अखेरचा साठा २९८ होता. म्हणजे त्यातला जेमतेम ११ टक्के माल दाखवलेल्या किमतीचा नसेल, तर पाच वर्षांची सगळी सुधारणा पुसली जाते. (सुरुवातीचा साठा बरोबर होता असं इथे धरलं आहे. तोही फुगलेला असेल तर एका वर्षावरचा परिणाम कमी होतो, पण एकूण फुगवटा तेवढाच राहतो.)

याचा अर्थ कोणी लबाडी केली असा मी काढला नाही, आणि टक्केवारीवरून तसा काढताही येत नाही. दुसरं एक साधं कारण असू शकतं. कारखान्याचं भाडं, घसारा, देखरेखीचे पगार हे स्थिर खर्च तयार मालावर विभागले जातात. आधी यंत्रं अर्धीमुर्धी चालत असतील आणि आता उत्पादन वाढवलं असेल, तर त्या खर्चाचा काही भाग न विकलेल्या मालासोबत ताळेबंदात जाऊन बसतो आणि त्या वर्षीचा नफा सुधारतो. नियमाने हे चूक नाही. पण तो नफा पुढच्या विक्रीवर अवलंबून असतो. नव्या उत्पादनाच्या आधी मुद्दाम केलेला साठा हेही एक कारण संभवतं.

यातलं खरं कोणतं, हे टिपांमध्ये शोधलं. साठ्याच्या टिपेत कच्चा माल, अर्धवट तयार माल आणि तयार माल असे भाग वेगळे दिलेले असतात. कच्च्या मालाची वाढ विक्रीच्या वेगानेच होती. उडी होती ती तयार मालात. पुढची विक्री वाढेल या अपेक्षेने खरेदी वाढवणाऱ्या कंपनीचा कच्चा मालही वाढलेला दिसतो, इथे तसं नव्हतं. मग रोकड प्रवाह पत्रकही विक्रीच्या टक्क्यांत मांडलं. व्यवसायातून आलेली रोकड पहिल्या वर्षी विक्रीच्या १० टक्के, पाचव्या वर्षी ४ टक्के, म्हणजे जेवढं व्याज तेवढीच. कागदावरचा नफा वाढत होता, हातात येणारी रोकड आटत होती आणि मधली फट अल्पमुदतीचं कर्ज भरून काढत होतं.

आमच्या विभागप्रमुख बाईंनी शीट पाहिले आणि विचारलं, “पहिलं वर्षच मंदीचं असेल तर? शंभर कुठे धरलंय त्यावर सगळं अवलंबून आहे ना?” रास्त प्रश्न. पायाभूत वर्षी साठा नेहमीपेक्षा कमी असेल तर पुढचा ३१० उगाच भयंकर दिसतो. म्हणून दुसरं वर्ष १०० धरून पुन्हा काढलं : विक्री १४५, साठा २७९. आकडे उतरले, अंतर राहिलं. पायाभूत वर्ष बदलल्यावर निष्कर्ष बदलत असेल तर तो टिपणात लिहू नये, एवढी चाचणी मी आता नेहमी करते.

कंपनीकडे आम्ही दोन गोष्टी मागितल्या : तयार मालाची वयानुसार यादी आणि येण्यांची वयानुसार यादी. पहिली आली. तिसऱ्या वर्षी आणलेल्या एका उत्पादनाचा बराच माल वर्षाहून जुना होता. दुसरी आलीच नाही. मी मर्यादा दुप्पट न करता एक चतुर्थांश वाढवावी आणि वाढीव भागाला हमी घ्यावी अशी शिफारस केली. ती मान्य झाली, कंपनी थोडी नाराज झाली.

सहाव्या वर्षाचा अहवाल नंतर आला. विक्री १६३ वर, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी. साठ्याचा निर्देशांक ३१० वरून २४५ वर उतरला होता, पण बहुतेक घट माल विकून झालेली नव्हती. ५८ इतकी किंमत कमी करून ती खर्चात टाकली होती. ढोबळ नफा ३१ टक्क्यांवर आला. ती नोंद बाजूला ठेवली तर ३५.४ टक्के येतात, म्हणजे पहिल्या वर्षाइतकेच. येणी मात्र १९८ वर आहेत, आणि त्यांची वयानुसार यादी अजून आलेली नाही. मर्यादा वाढवण्याचा नवा अर्ज टेबलावर आहे. या वेळी यादी आल्याशिवाय शीट उघडायचाच नाही असं ठरवलं आहे.