माझा अनुभव : चिनीतलं ‘पेक्षा’ आणि नको तिथे येणारा ‘हन’

एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी दिली त्याला आता बरेच महिने झाले, पण ‘बी’च्या धड्याचा राग अजून गेलेला नाही. राग धड्यावर नाही, तो शिकवण्याच्या पद्धतीवर आहे. क्लासमध्ये माझ्या वहीवर लागोपाठ तीन आठवडे एकाच वाक्याला लाल फुली येत राहिली आणि फुली का आली, हे कुणी सांगितलं नाही.

वाक्य होतं ‘ता बी वो हन गाओ’. मला म्हणायचं होतं, तो माझ्यापेक्षा खूप उंच आहे. ‘ता’ म्हणजे तो, ‘वो’ म्हणजे मी, ‘गाओ’ म्हणजे उंच, ‘हन’ म्हणजे खूप. ‘बी’ म्हणजे आपलं ‘पेक्षा’, फक्त ते ‘माझ्या’च्या मागे न लागता ‘वो’च्या आधी उभं राहतं. बाकी क्रम मराठीसारखाच, म्हणून ‘ता बी वो गाओ’ पहिल्याच दिवशी जमलं.

अडलं ते ‘हन’पाशी. पहिल्या महिन्यापासून आमच्याकडून घोटून घेतलं होतं की विशेषणाआधी ‘हन’ हवाच, ‘ता गाओ’ म्हणू नका, ‘ता हन गाओ’ म्हणा. तीच सवय ‘बी’च्या वाक्यात नेली की फुली! विचारलं तर मॅडम म्हणायच्या, “तसं म्हणत नाहीत, पाठ करा.”

कारण मला नंतर कळलं, आणि ते पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत सांगता आलं असतं. नुसतं ‘ता गाओ’ म्हटलं की चिनी कानाला ते अर्धवट तुलनेसारखं वाटतं : तो उंच, म्हणजे दुसरा कुणीतरी बुटका. तो अर्थ मिटवायला साध्या वाक्यात ‘हन’ येतो. तिथे तो ‘खूप’ फारसा नसतोच, वाक्य पुरं करायला असतो. ‘बी’च्या वाक्यात मात्र तुलनाच करायची असते, दुसरा माणूस समोर उभा असतो, मग तिथे ‘हन’ला जागा कुठून असणार?

मग ‘खूप’ कुठे ठेवायचं? विशेषणाच्या मागे. ‘ता बी वो गाओ द दुओ’ किंवा ‘गाओ दुओ ल’ म्हणजे बराच उंच, ‘गाओ ईद्यार’ म्हणजे थोडासाच. आकडाही तिथेच बसतो. ‘ती माझ्यापेक्षा ३ वर्षांनी मोठी’ याचं ‘ता बी वो दा सान स्वेइ’ होतं, आधी ‘मोठी’, मग ‘३ वर्षं’. (तो आणि ती, दोघांनाही बोलताना ‘ता’च.) मराठीत आकडा आधी येतो, म्हणून हात आपोआप उलटा जातो. परीक्षेत ८० पैकी शेवटचे १० प्रश्न लेखनाचे असतात आणि त्यांतल्या पहिल्या पाचांत सुटे शब्द जुळवून वाक्य करायचं असतं. तिथे ‘बी’ दिसला की मी आधी आकडा शोधून शेवटी टाकायचे.

नकाराचा घोळ त्याहून महागात पडला. माझी एक चिनी मैत्रीण आहे, आम्ही आठवड्यातून एकदा थोडं चिनी, थोडं इंग्रजी बोलतो. तिला नम्रपणे सांगायला गेले, ‘माझी चिनी तुझ्या इंग्रजीइतकी चांगली नाही’, आणि ‘बी’च्या आधी ‘बू’ लावून मोकळी झाले. ती गप्प झाली. मग म्हणाली, “माझं इंग्रजी वाईट आहे असं वाटतं का तुला?” ‘बू बी’ म्हणजे ‘काही जास्त चांगली नाही’. त्यातून दोघींचं सारखंच बेताचं, असं निघतं. समोरच्याचं म्हणणं खोडायला ते वापरतात. ‘तितकं नाही’साठी ‘मेइयोऊ’ हवं : ‘ता मेइयोऊ वो गाओ’, तो माझ्याइतका उंच नाही. तेव्हापासून मी आधी मराठीत विचारते : मला ‘पेक्षा… नाही’ म्हणायचंय की ‘इतका… नाही’? ‘इतका’ आलं की ‘मेइयोऊ’.

तिने मला त्या दिवशी ‘बू रू’ही दिलं. ‘वो बू रू ता’ म्हणजे मी त्याच्या तोडीची नाही, पुढे विशेषणही लागत नाही. लावलंच तर चांगल्या बाजूचं लावायचं : उंच, हुशार, जलद. ‘बुटका’ लावलं तर कानाला खटकतं.

बरोबरी दाखवायची तर ‘ता गन वो ईयांग गाओ’, तो माझ्याएवढाच उंच. यात मला कधीच अडचण आली नाही, पण वर्गात सर्वात जास्त वेळ याच्यावर गेला.