पोळी मावशीची, टाइमस्टॅम्प माझे

माझी मावशी कोथरूडच्या स्वयंपाकघरात कॅमेऱ्यासमोर उभी राहते आणि मी टोरांटोत बसून तिच्या व्हिडिओला टायटल, डिस्क्रिप्शन आणि टाइमस्टॅम्प देते. ही वाटणी कुणी बसून ठरवली नाही. तिला टायपिंगचा कंटाळा आणि मला लाटण्याचा, एवढंच. व्हिडिओ तिने बोलून केलेला असतो, तो सुंदरच असतो. पण माझ्यासारख्या, शिटीचा कुकर आणि गॅसची शेगडी मागे सोडून आलेल्या माणसांच्या तो किती उपयोगी पडेल, हे बरंचसं त्याखालच्या मजकुरावर ठरतं, असं मला आताशा वाटू लागलंय.

ह्या तीन गोष्टी एकाच पानावर असल्या तरी एका वेळी वाचल्या जात नाहीत. टायटल वाचतात शोधताना, रात्री अंथरुणात पडून. डिस्क्रिप्शन वाचतात शनिवारी, वाणसामानाच्या दुकानात ट्रॉली आडवी लावून. आणि टाइमस्टॅम्प वाचतात पिठाच्या हातांनी, करंगळीने स्क्रीन सरकवत, काहीतरी बिघडायला लागल्यावर. लिहिताना हे तीन वाचक डोळ्यांसमोर ठेवले की काय कुठे घालायचं हे आपसूक कळतं.

पुरणपोळीचंच घ्या. मावशीने सुचवलेलं टायटल होतं, ‘आजीच्या पद्धतीची मऊ लुसलुशीत तोंडात विरघळणारी पारंपरिक पुरणपोळी’. तिच्या पोळीबद्दल त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण जगातली एकही पुरणपोळी स्वतःला कडक म्हणवून घेत नाही, त्यामुळे हे वाचून कुणालाच काही नवं कळत नाही. शिवाय यूट्यूब टायटलला १०० अक्षरं देतं, आणि ती मोजताना काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरली जाते. ‘पुरणपोळी’ वाचायला पाच अक्षरं, मोजायला आठ. फोनवर तर १०० सुद्धा दिसत नाहीत, आधीच कात्री लागते. म्हणजे ‘लुसलुशीत’ ही चैन झाली. शेवटी आम्ही ठेवलं:

```
पुरणपोळी: इलेक्ट्रिक शेगडीवर, पुरणयंत्राशिवाय | Puran Poli
```

रोमन लिपीतलं नाव शेवटी मुद्दाम आहे. इथे बऱ्याच जणांच्या फोनवर मराठी कीबोर्ड नसतो, त्यामुळे घरी शुद्ध मराठी बोलणारी माणसंही शोधताना puran poli असंच टाइप करतात. आणि परदेशात अडचण नेमकी कोणती, ती पहिल्या चार शब्दांत यायला हवी, कारण आपला व्हिडिओ तेवढ्यासाठीच वेगळा आहे. मावशी नाराज झाली. ‘शेगडी काय, पोळी महत्त्वाची!’ मी म्हटलं, ‘तुझ्याकडे गॅस आहे म्हणून.’

डिस्क्रिप्शनला जागा भरपूर, ५,००० अक्षरं. पण फोनवर ते मिटलेलं असतं आणि वरच्या एकदोन ओळीच दिसतात. तिथे बहुतेक चॅनेल ‘नमस्कार मंडळी, आपल्या चॅनेलवर तुमचं मनापासून स्वागत’ लिहितात. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी स्वागत नको असतं, डाळ हवी असते. म्हणून आमची पहिली ओळ अशी: ‘१०-१२ पोळ्यांसाठी: हरभरा डाळ २०० ग्रॅम, गूळ २०० ग्रॅम, कणीक १५० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम.’ वाटी आणि कप दोन्ही टाळले. अमेरिकेतला कप २४० मिलीलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा, आणि मावशीची वाटी तिच्या सासूबाईंची, जिचं माप कुणालाच माहीत नाही. पुरणात डाळीइतकाच गूळ असल्यामुळे एकच भांडं वापरलं तर कुठलंही चालतं, पण कणकेत चालत नाही. इथे वजनकाटा सहज मिळतो, तर ग्रॅमच बरे.

त्याच्याखालच्या ओळीत सामान कुठलं आणायचं नाही ते. पिवळे फोडलेले वाटाणे हरभरा डाळीसारखेच दिसतात आणि इथल्या साध्या सुपरमार्केटात ते स्वस्तही असतात. ते शिजले की लगदा होतो, पुरण बांधून येत नाही आणि चव सूपाकडे झुकते. पाकिटावर Chana Dal लिहिलेलंच घ्या, असं सरळ लिहून टाकलं. दुसरी गोष्ट कणकेची. सुपरमार्केटातलं गव्हाचं पीठ बहुधा जाडसर दळलेलं असतं. त्यातला कोंडा पातळ लाटताना पारी फाडतो, आणि लोकांना वाटतं आपल्याला भरताच येत नाही. भारतीय दुकानातला Atta घ्यायचा, आणि तरी पाणी अंदाजानेच घालायचं, कारण इथल्या अनेक पिठांत डुरम गहू असतो आणि तो जास्त पाणी पितो. गूळ नाही मिळाला तर ब्राउन शुगर चालते का? चालते. पुरण होतं, रंगही येतो, गुळाचा खमंगपणा येत नाही. हेही लिहिलं, म्हणजे उगाच तीन दुकानं पालथी घालायला नकोत.

खरा जीव मात्र टाइमस्टॅम्पात. डिस्क्रिप्शनमध्ये ते लिहिले की व्हिडिओखालच्या पट्टीचे तुकडे पडतात, आणि एकेक तुकडा म्हणजे एक चॅप्टर. नियम साधे आहेत: पहिला टाइमस्टॅम्प 0:00 हवा, कमीत कमी तीन हवेत, ते चढत्या क्रमाने हवेत आणि प्रत्येक चॅप्टर निदान दहा सेकंदांचा हवा. ह्यातला एक नियम मोडला तरी पट्टीचे तुकडे पडत नाहीत आणि का पडत नाहीत हे शोधण्यात संध्याकाळ जाते. बहुतेक वेळा 0:00 राहिलेलं असतं.

पण नियम पाळूनही चॅप्टर निरुपयोगी होऊ शकतात. ‘साहित्य’, ‘कृती’, ‘टिप्स’ असे तीन केले तर ती पुस्तकाची अनुक्रमणिका झाली. चौदा मिनिटांचा व्हिडिओ एकदा सलग बघून झाल्यावर माणूस ओट्याशी परत येतो तो कृती बघायला नाही, तर ‘हे असंच दिसायला हवं का?’ हे विचारायला. प्रश्न जिथे पडतात तिथे चॅप्टर तुटला पाहिजे. मी आधी लिहिलं ‘पुरण शिजवणं’, ‘पुरण सैल झालं तर’, ‘पुरण वाटणं’. मराठीत काहीच चुकलं नव्हतं. मग फोनवर पाहिलं तर पट्टीवर तीन ठिकाणी ‘पुरण…’ दिसत होतं आणि पुढचं सगळं कापलेलं. म्हणून जो शब्द वेगळा तो पुढे आणला:

```
0:00 तयार पोळी, एकूण वेळ
0:35 डाळ-पीठ कोणतं
2:10 शिटी नसलेला कुकर
4:20 उलथनं उभं राहतंय?
6:05 सैल पुरण: उपाय
7:00 यंत्राशिवाय वाटणं
8:30 कणीक किती सैल
10:15 भरणं, लाटणं
12:00 काचेची शेगडी
13:20 फुटलेली पोळी
```

2:10ला कारण आहे. मावशी सहज म्हणून जाते, ‘चार शिट्ट्या द्या.’ इथे घरोघरी विजेचा कुकर, तो शिटी देत नाही, नुसता पिंपिं करून थांबतो. त्याचा दाबही आपल्या शिटीच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो, म्हणून वेळ जास्त लागतो. दोन तास भिजवलेली डाळ हाय प्रेशरवर १२ मिनिटं आणि मग वाफ आपोआप उतरू द्यायची, असं आम्ही त्या तुकड्यावर अक्षरांत टाकलं. शिवाय खूण: दाणा अख्खा दिसावा, पण दोन बोटांत दाबला की त्याचं पीठ व्हावं. डाळ जुनी असेल तर १२ मिनिटांत होणार नाही, पण खूण तीच राहते.

4:20 आणि 6:05 हे एकमेकांचे शेजारी आहेत. पुरणात उलथनं रोवल्यावर ते उभं राहिलं की पुरण झालं. पडलं तर अजून आटवायचं. गार झाल्यावर पुरण आणखी घट्ट होतं, म्हणून गरम असताना दगडासारखं करून ठेवू नये. झालंच तर चमचाभर दूध. वाटायचं मात्र गरम असतानाच. पुरणयंत्र नसेल तर बटाटे कुस्करायचा दाबयंत्रासारखा रायसर किंवा बारीक चाळणी चालते. मिक्सरमध्येही होतं, पण एखादा अख्खा दाणा राहिला तर पोळी नेमकी तिथे फुटते. म्हणून 13:20च्या तुकड्यात मावशी फुटलेली पोळी दाखवते आणि भोकातून तो दाणा बाहेर काढते. तो तुकडा ती काढून टाकणार होती. मी काढू दिला नाही.

काचेच्या शेगडीवर मावशी स्वतः कधी भाजलेली नाही, तेव्हा 12:00चा तुकडा माझ्या स्वयंपाकघरातला आहे, हात माझे आणि आवाज तिचा. तिथे आच वाढवली की वाढायला वेळ आणि कमी केली की उतरायलाही वेळ. ‘मध्यम आच’ ह्याचा अर्थ बटणावर नऊपैकी पाच, जड तवा आधी पाच-सहा मिनिटं तापवून. पोळीवर डाग भराभर पडायला लागले तर बटणाशी खेळत बसायचं नाही, तवाच उचलून बाजूला धरायचा. तूप पोळी उतरवल्यावर लावायचं. तापलेल्या तव्यावर सोडलं की धूर होतो आणि छतावरचा अलार्म सगळ्या इमारतीला सणाची वर्दी देतो.

एक किरकोळ पण त्रासदायक गोष्ट: व्हिडिओ चढवल्यावर सुरुवातीचा ‘नमस्कार’ कापला, तर 0:00 सोडून खालचे सगळे आकडे तेवढ्या सेकंदांनी मागे सरकवावे लागतात, ते स्वतःहून सरकत नाहीत. म्हणून मी मावशीकडून कापाकापी पक्की झाल्याशिवाय आकडे लिहीतच नाही. आणि होळीच्या दोन आठवडे आधी व्हिडिओ चढलेला हवा. इथे सण शनिवार-रविवारी साजरा होतो आणि सामान त्याआधीच्या शनिवारी येतं. होळीच्या दिवशी चढवलेला व्हिडिओ पुढच्या वर्षीच्या कामाचा.

आता कटाच्या आमटीचा वेगळा व्हिडिओ आहे आणि त्याचं टायटल ठरायचंय. मावशीचा आग्रह, ‘त्यात डाळीचं पाणी फेकू नका एवढं ठळक लिही.’ मी तिला सांगितलं की ते वाक्य आमटीच्या टायटलमध्ये नाही, पुरणपोळीच्या 2:10मध्ये हवं. आमटीच्या व्हिडिओपर्यंत पोचणाऱ्याने तोवर कट सिंकमध्ये ओतलेला असतो.