शकाल का?

स्वयंपाकघरातला खण आवरताना आज ती पिवळी चिठ्ठी सापडली. मागचा डिंक केव्हाच गेलाय, कडेला हळदीचं बोट उमटलंय. आई स्टुटगार्टला माझ्याकडे आली होती, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींनी आमच्या दाराला लावलेली.

लाडवांसाठी आईनं रविवारी सकाळी सातला खलबत्ता काढला होता. जर्मनीत रविवार म्हणजे विश्रांतीचा वार. 1919च्या राज्यघटनेतलं तसं कलम त्यांनी 1949च्या राज्यघटनेतही उचलून ठेवलंय. आईला हे सांगायचं माझ्याकडून राहिलं.

"काय लिहिलंय?"

मी चहा गाळता गाळता शब्दाला शब्द ठेवला, "रविवारी तुम्ही कृपया थोडं शांत राहू शकाल का?"

आईनं बत्ता खाली ठेवला. "शकाल का म्हणजे? टोमणा मारतेय होय!"

आईचं बरोबर होतं. जर्मनमध्ये 'क्योंटन झी', म्हणजे 'शकाल का', ही अदब. मराठीत 'शांत राहू शकाल का' हे वाक्य सहनशक्ती संपली की तोंडात येतं. त्यात 'कृपया' घातलं की थेट देवळाबाहेरची पाटी. घरात 'कृपया' म्हणतं कोण? मी शाळेतून यायचो तेव्हा दाराच्या कडीत आईची चिठ्ठी असायची, कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहिलेली: 'किल्ली काकूंकडे. दूध तापव. उतू घालवू नकोस.' नुसते हुकूम, पण कधी लागले नाहीत. काकूंची चिठ्ठी यायची, 'वाटीभर साखर दे गं, उद्या देते.' सगळं आर्जव त्या 'गं'मध्ये. फार तर 'देशील का'. 'देऊ शकशील का' लिहिलं असतं, तर आईला वाटलं असतं, आपली ऐपत काढतेय.

मी पुन्हा वाचून दाखवलं, "रविवारी तेवढं जरा हळू घ्याल का? बरं होईल."

"असं म्हणतेय होय! मग आधीच नीट सांगायचंस."

दुपारी आईनं डबा भरला आणि मला उत्तर लिहायला बसवलं. मजकूर तिचाच: 'आवाजाचं लक्षात आलं नाही. लाडू पाठवलेत, एकदा खाऊन तर बघा.' आता 'खा' जर्मनमध्ये उघडं ठेवलं तर हुकूमच की. पण त्यांच्याकडे 'माल' नावाचा एक इवलासा शब्द आहे, आज्ञेची धार घालवणारा. 'प्रोबीअरन झी माल.' माल म्हणजे मुळात 'एकदा'च! आईचा शब्द मला जसाच्या तसा ठेवता आला. एवढं बिनबोभाट भाषांतर माझ्या हातून पुन्हा झालेलं नाही.

दोन दिवसांनी आजी स्वतः वर आल्या. लाडवांचं तोंडभरून कौतुक केलं, डबा परत दिला. लख्ख घासलेला.

त्या गेल्यावर आईनं झाकण उघडलं. "रिकामा?"

मी चहा टाकायला आत गेलो.