पोलिसांनी गोळीबार करतात

‘मॅडम, गोष्ट सांगताना मधेच “गेला”चं “जातो” झालं तर चालतं का? आणि मग पेपरच्या हेडिंगला का चालत नाही?’

चालतं. पण कुठे वळलात, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. सगळी गोम त्यातच आहे.

परवा आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याचा सात रस्त्याजवळ छोटा अपघात झाला. संध्याकाळी तो कट्ट्यावर सांगत होता : ‘मी पॅसेंजर घेऊन चाललोय. सिग्नल हिरवा आहे. आणि हा बाबा राँग साइडनं येयलाय. मी हॉर्न देतो, हा बघतच नाही. मी ब्रेक मारतो. मारला, पण तोवर धडकला की बे!’

घटना दुपारची, सांगणं संध्याकाळचं, तरी पहिली पाच वाक्यं वर्तमानकाळात आहेत. शेवटी मात्र ‘मारला’, ‘धडकला’. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. ‘चाललोय’ आणि ‘आहे’ म्हणत त्याने आम्हाला रिक्षात बसवलं, ‘देतो’, ‘मारतो’ म्हणत हालचाल दाखवली आणि धडक बसली तिथे तो भूतकाळात आला, कारण आता ते होऊन गेलं होतं. तोच माणूस पोलीस चौकीत म्हणाला असेल, ‘मी रिक्षा चालवत जात असताना समोरून आलेल्या मोटारसायकलने धडक दिली.’ तिथे साहेबांना रिक्षात बसवायची गरज नव्हती.

मागे घडलेलं असं वर्तमानकाळात सांगणं म्हणजे व्याकरणातला ऐतिहासिक वर्तमानकाळ. नाव जड आहे, पण तुमच्या आजीलाही तो येत होता. ‘दार उघडून बघतो तर काय, आत कुणीच नाही!’ यातला ‘बघतो’ हाच तो. आजूबाजूची सगळी गोष्ट ‘गेला’, ‘आला’, ‘बसला’ अशी चाललेली असते, मधेच ‘बघतो तर काय’ येतं आणि कुणाला खटकत नाही. ‘तर काय’ हे शब्द बिजागरीचं काम करतात. दार इथून वळतंय, हे त्यांच्यामुळे कळतं. ‘एवढ्यात’, ‘तेवढ्यात’, ‘इकडे’ हे शब्दही तेच करतात. बिजागरी नसताना काळ बदलला की वाचणाऱ्याला ठेच लागते. मास्तरांनी लाल रेघ मारली असेल तर ती बहुतेक अशाच ठिकाणी असते.

एक बारीक गोष्ट आणखी. मराठीत परीकथा ‘एक होता राजा’ अशी सुरू होते आणि विनोद ‘एक माणूस असतो, तो डॉक्टरकडे जातो’ असा. विनोदात ‘एक माणूस आहे’ म्हणून बघा. ऐकणारा विचारेल, ‘कोण, कुठला?’ ‘आहे’ आजच्या क्षणाला खिळ्यासारखा पक्का बसतो, ‘असतो’ मात्र सांगण्यातल्या काळात मोकळा फिरतो. म्हणून जुनी घटना वर्तमानकाळात लिहायला घेतलीत, तर ‘रात्रीचे बारा वाजले आहेत’ऐवजी ‘वाजलेले असतात’ जास्त सुरक्षित. रिक्षावाल्याला ‘आहे’ शोभलं, कारण तो समोर उभा राहून हातवारे करत होता. कागदाला हात नसतात.

आता प्रत्यक्ष उदाहरण. कॉलेजच्या एका मुलाने सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर निबंध लिहून आणला होता. त्यातला हा परिच्छेद त्याच्या परवानगीने देते :

‘५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. ही बातमी सोलापुरात पोहोचते आणि गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार करतात आणि जमावाने चौकी पेटवतो. नंतर मार्शल लॉ लागला. चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली जाते आणि त्यांची आठवण दरवर्षी काढली जाते.’

पोरगा हुशार आहे, लिहिण्यात जोरही आहे. मग ‘पोलिसांनी करतात’ आलं कुठून? मी विचारलं तेव्हा कळलं, की आधी सगळं भूतकाळात लिहिलं होतं. मग ‘जरा जिवंत वाटावं’ म्हणून त्याने काही क्रियापदं बदलली, तीही फक्त क्रियापदं. मराठीत तेवढ्याने भागत नाही. भूतकाळात आपण ‘पोलिसांनी गोळीबार केला’, ‘जमावाने चौकी पेटवली’ म्हणतो. कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो आणि क्रियापद त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. चौकी स्त्रीलिंगी, म्हणून ‘पेटवली’. वर्तमानकाळात आलं, की ‘ने’ गळतो आणि क्रियापद मुकाट्याने कर्त्याकडे परत येतं : ‘जमाव चौकी पेटवतो.’ काळ बदलला की वाक्याचा सांगाडाच हलतो. ज्या भाषांत नुसतं क्रियापद बदलून काम होतं, त्यांचे नियम इथे आणले की ‘पोलिसांनी गोळीबार करतात’ होतं.

त्यामुळे मी त्याला सोपी तपासणी दिली. लिहिलेल्या मजकुरावरून बोट फिरवायचं, आणि कर्त्याला ‘ने’, ‘नी’ दिसला की पुढच्या क्रियापदाशी थांबायचं. तिथे ‘-तो’, ‘-ते’, ‘-तात’ असेल तर काळ अर्धाच बदललाय. ही तपासणी सगळीकडे चालत नाही. ‘मी’ आणि ‘तू’ला ‘ने’ लागतच नाही, ‘म्हणाला’, ‘बोलली’, ‘विसरला’ यांच्या कर्त्यालाही नाही. ‘कामगार उतरले’ला नाही, म्हणून त्याच्या दुसऱ्या वाक्यातली गफलत बोटाला सापडली नाही, ती कानाने पकडावी लागली. ‘पोहोचते आणि उतरले’ मोठ्याने वाचलं की अडखळायला होतंच. आणि ‘त्याने यावं’मध्ये ‘ने’ असूनही काळाचा प्रश्न नाही.

शेवटच्या वाक्यात व्याकरण बिनचूक आहे, तरी मला तेच सगळ्यात जास्त खटकलं. ‘फाशी दिली जाते’ आणि ‘आठवण काढली जाते’. पहिलं १९३१ मध्ये एकदाच घडलं, दुसरं दरवर्षी घडतं, आणि दोघांचं रूप एकच. मराठीतला साधा वर्तमानकाळ मुळात सवयीचा काळ आहे. ‘तो दूध घालतो’ म्हणजे रोज घालतो. ऐतिहासिक वर्तमान याच रूपावर उसना बसलेला असतो. शेजारी खरीखुरी सवय येऊन बसली, की उसनं कोणतं आणि घरचं कोणतं ते कळेनासं होतं.

आम्ही दोघांनी बसून ते असं केलं :

‘५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. बातमी सोलापुरात येते आणि गिरणी कामगार रस्त्यावर उतरतात. ८ मेला पोलीस गोळीबार करतात, चिडलेला जमाव चौकी पेटवतो. त्यानंतर त्याच महिन्यात शहरावर मार्शल लॉ लागला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली. त्यांची आठवण दरवर्षी काढली जाते.’

अटक भूतकाळात, कारण ती पार्श्वभूमी. रस्त्यावरचे दिवस वर्तमानात. ‘त्यानंतर’ ही परतीची बिजागरी. फाशी भूतकाळात ठेवायचा हट्ट माझा. तिथे वाचणाऱ्याला ओढून नेऊन उभं करायला मला नको वाटतं. सगळंच्या सगळं भूतकाळात ठेवलं असतं तरी काही बिघडलं नसतं, आणि परीक्षेत लिहायचं असेल तर मी तेच सांगेन.

जाता जाता, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं म्हणून. ‘तुका म्हणे’मधलं ‘म्हणे’ हे जुन्या मराठीतलं वर्तमानकाळाचं रूप, ‘तुका म्हणतो’. तेच रूप आज ‘आजी रोज पहाटे उठे, ओव्या म्हणे’ अशा भूतकाळातल्या सवयीला वापरतात. म्हणजे एका वर्तमानकाळाने मुक्कामच हलवला. काळाच्या रूपांवर फार विसंबू नये ते यासाठी.

आता हेडिंग. मी उपसंपादक म्हणून लागले तेव्हा एजन्सीच्या इंग्रजी बातम्या समोर येत. तिकडे कालची घटना हेडिंगमध्ये वर्तमानकाळात लिहायची रीतच आहे. एका संध्याकाळी कांद्याच्या बाजाराची बातमी आली आणि मी इमानेइतबारे हेडिंग दिलं, ‘कांदा लिलाव बंद पडतात’. सकाळी एका शेतकऱ्याचा फोन आला. ‘ताई, रोजच पडतात का? मग गाडी भरू का नको?’ त्याचं काही चुकलं नव्हतं. हेडिंगला मागचं-पुढचं वाक्य नसतं, बिजागरी बसवायला जागा नसते, म्हणून ‘पडतात’ची उसनी बाजू दिसलीच नाही, सवय तेवढी दिसली. मुख्य उपसंपादक ओरडले नाहीत. त्यांनी पेन घेऊन ‘पडतात’वर काट मारली आणि ‘पडले’ लिहिलं.

त्या काटेत मराठी हेडिंगची सगळी रीत आली. घडून गेलेलं भूतकाळात : ‘बस दरीत कोसळली’. किंवा क्रियापदच गाळायचं : ‘बस दरीत कोसळून पाच ठार’, ‘मुख्यमंत्री सोलापुरात दाखल’. पुढचं असेल तर ‘णार’ : ‘उजनीतून पाणी सोडणार’. साधा वर्तमानकाळ हेडिंगमध्ये येतो, पण वेगळ्या कामाला. ‘मंत्री उद्या सोलापुरात येतात’ असं लिहिलं तर ते ठरलेलं पुढचं, मागचं नव्हे. आणि ‘साहेब म्हणतात, मी नाराज नाही’ यातला ‘म्हणतात’ चालतो, कारण म्हणणं अजून कायम आहे, निदान संध्याकाळपर्यंत.

फोटोखालच्या ओळीचं काय, असंही त्या मुलाने विचारलं. फोटोत माणूस फीत कापतोच आहे, मग ‘फीत कापतात’ का नाही? त्याला कालचा पेपर उघडून दाखवला. ‘फीत कापताना पालकमंत्री. शेजारी महापौर.’ क्रियापद पुरतं आलेलंच नाही. कात्री उचललेली, फीत अजून अखंड, आणि काळ कोणता हे ठरवायची वेळ कुणावर आलेली नाही.